नकोसं वाटण्याची मुदत

मेल सोमवारी रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी आला. असाइनमेंट जमा करायची मुदत त्याच रात्री 12 वाजता संपत होती. पावसाळ्याचे दिवस होते आणि पुण्यात घराघरांत तापाचे रुग्ण होते. मेल इंग्रजीत होता, पण साचा आपल्याकडे शाळेत रजेचा अर्ज घोकून घेतात तोच. आदरणीय मॅडम, नम्र विनंती की मी गेल्या बुधवारपासून तापाने आजारी आहे, तपासणीत डेंग्यू निघाला आहे, त्यामुळे असाइनमेंट पूर्ण होऊ शकली नाही, आता ताप उतरला आहे, तरी कृपया दोन दिवसांची मुदत वाढवून मिळावी, तसदीबद्दल क्षमस्व. सोबत मोबाइलवर काढलेले दोन फोटो होते. एक शुक्रवारचा, एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह. दुसरा सोमवार सकाळचा, प्लेटलेट 92,000.

मी एम.एस्सी.च्या मुलांना न्यूरोसायन्स शिकवते. असे मेल दर सत्रात येतात आणि बहुतेकांना दोन ओळींत उत्तर देऊन होतं. हा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यातलं सगळ्यांत काळजीचं वाक्य त्याने दिलासा म्हणून लिहिलं होतं: ताप उतरला आहे. त्याकडे मी नंतर येते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा तीन शंका आल्या, आणि त्या कुठल्याही कॉलेजात येतात त्याच होत्या. बुधवारपासून ताप आहे तर मेल सोमवारी रात्री पावणेबाराला का? रविवारी दुपारी हाच मुलगा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलत होता, मग चार परिच्छेद लिहायला काय झालं होतं? आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट कुठे आहे? शंका घेणारी माणसं कठोर नाहीत. त्यांनीही मुलांसाठी रात्री जागवल्या आहेत. पण या तिन्ही शंकांची उत्तरं आम्ही जो विषय शिकवतो त्याच्यातच आहेत. वर्गात आम्ही ती फळ्यावर लिहितो आणि मेल उघडताना विसरतो, हे मला मान्य होत नाही.

आजारी माणसाबद्दल आपली सर्वसाधारण कल्पना अशी असते की त्याच्या अंगातली शक्ती जाते. बॅटरी उतरलेल्या टॉर्चसारखा तो मंद होतो. ही कल्पना खरी असती तर शंका रास्त ठरल्या असत्या. व्हॉट्सअ‍ॅपपुरती शक्ती आहे, तर थोडी असाइनमेंटलाही असायला हवी. पण आजारपण असं चालत नाही, हे 1960च्या दशकापासून प्रयोगांत दिसत आलं आहे.

नील मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1964 साली उंदरांवरच्या एका प्रयोगाचं वर्णन केलं. तहानलेल्या उंदरांना दांडी दाबली की पाणी मिळायचं. जिवाणूंच्या आवरणातलं विष टोचून त्यांना आजारी केल्यावर त्यांचं दांडी दाबणं खूप कमी झालं. इथपर्यंत अशक्तपणा हे स्पष्टीकरण पुरतं. मग मिलरने आजारी उंदीर फिरत्या पिंपात ठेवले. पिंप फिरत असताना चालत राहावं लागे आणि दांडी दाबली की ते थोडा वेळ थांबे. इथे आजारी उंदरांनी दांडी निरोगी उंदरांपेक्षा जास्त दाबली. पंजा तोच होता आणि दांडी दाबायला लागणारं बळही तसंच होतं. पाण्यासाठी दाबायला जो उंदीर राजी नव्हता, तो विसाव्यासाठी जोर लावून दाबत होता. शक्ती गेलीच नव्हती. कशासाठी काय करावं याचा मेंदूतला हिशेब बदलला होता.

या बदलाला मराठीत फार नेमका शब्द आहे. घरात कुणाला कणकण आली की तो म्हणतो, अंग मोडून आलंय, काही नकोसं वाटतंय. जेवण नकोसं, बोलणं नकोसं, आवडीचं पुस्तकही नकोसं. जमत नाही आणि नको या दोन गोष्टी मराठी माणूस वेगळ्या ठेवतो, आणि आजारात दुसरी आधी येते हे त्याला अनुभवाने माहीत असतं. रजेच्या अर्जातल्या इंग्रजीत मात्र या शब्दाला जागा नाही. तिथे एकच वाक्य तयार असतं, तापाने ग्रस्त असल्यामुळे काम करू शकलो नाही. मुलं तेच लिहितात आणि आपण ते 'शक्ती होती की नव्हती' या काट्यावर तोलायला बसतो.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथले पशुवैद्यकाचे प्राध्यापक बेंजामिन हार्ट यांनी 1988 साली हा विचार पुढे नेला. आजारी जनावर कोपऱ्यात पडून राहतं, खात नाही, अंग चाटत नाही, इतरांत मिसळत नाही. हार्ट यांचं म्हणणं असं की ही आजाराने केलेली पडझड नसून शरीराने आखलेली वागणूक आहे. ताप वाढवायला बरीच ऊर्जा लागते, म्हणून बाकीचे खर्च थांबवले जातात. बोर्दो आणि पुढे अमेरिकेत काम केलेल्या रॉबर्ट डँट्झर यांच्यासारख्या संशोधकांनी यामागची यंत्रणा उलगडली. संसर्ग झाला की प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन नावाची निरोपाची रसायनं सोडतात. तो निरोप काही प्रमाणात रक्तातून आणि काही प्रमाणात पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून वर पोचतो. उंदरांमध्ये हा मज्जातंतू कापून मग पोटात तेच विष टोचलं, तर आजाऱ्यासारखं वागणं पुष्कळसं उमटतच नाही. म्हणजे पडून राहणं जंतू करत नाही, मेंदू करतो.

आता व्हॉट्सअ‍ॅपची शंका घेऊ. डँट्झर यांच्याच गटाने 1997 साली पिल्लं असलेल्या उंदरिणींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. आजारी केलेल्या आयांची पिल्लं घरट्याबाहेर काढून ठेवली आणि घरटं मोडलं. नेहमीच्या खोलीच्या तापमानात त्या आयांनी पिल्लं उचलून परत आणली, पण घरटं बांधलं नाही. तोच प्रयोग 6 अंशांच्या थंडीत केला तेव्हा त्यांनी पिल्लंही आणली आणि घरटंही बांधलं. आजारात वागणूक बंद पडत नाही, तिची क्रमवारी लागते. ज्यावाचून आत्ता भागणार नाही ते केलं जातं, ज्यावाचून भागेल ते सोडलं जातं. ग्रुपवर 'माझ्या रेकॉर्डबुकात उद्याच्या प्रॅक्टिकलची नोंद कुणीतरी करा' असं लिहिणं हे पिल्लू उचलून आणण्याइतकं छोटं आणि तातडीचं काम होतं. रविवारी त्या मुलाने लिहिलं होतं तेही एवढंच. असाइनमेंट म्हणजे घरटं.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. एका हुशार सहकाऱ्याने तो मला विचारला. थंडी वाढवली की आजारी उंदरीणही घरटं बांधते, मग मुदत ही थंडीच नाही का? कडक राहिलं तर पोरं उठून लिहितीलच. तुझाच पुरावा तुझ्याविरुद्ध जातो.

आक्षेप खरा आहे. मुलं उठून लिहितात. मी स्वतः विद्यार्थिनी असताना 102 ताप घेऊन जर्नल पुरं केलं आहे आणि तेव्हा त्याचा अभिमानही वाटला होता. प्रश्न एवढाच की अशा अवस्थेत लिहिलेल्या कागदातून आपल्याला काय कळतं. म्युनिकमध्ये केलेला आणि 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. 20 निरोगी तरुणांना जिवाणूंचं तेच विष अत्यल्प प्रमाणात टोचलं, वजनाच्या दर किलोमागे 0.8 नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. दुसऱ्या वेळी त्याच माणसांना नुसतं सलाइन टोचलं, आणि कधी काय टोचलं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. विषाने तापमान किंचित वाढलं, पण आपण आजारी आहोत असं म्हणण्याजोगी शारीरिक लक्षणं त्यांना जाणवली नाहीत. तरीही त्या काही तासांत अस्वस्थता वाढली, मन खिन्न झालं, आणि ऐकलेली गोष्ट किंवा पाहिलेली आकृती आठवून सांगण्याची क्षमता घटली. धट्टाकट्टा दिसणाऱ्या, स्वतःलाही ठीक वाटणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती कमी भरत होती.

माझी असाइनमेंट होती ओकीफ आणि डोस्ट्रोव्हस्की यांच्या 1971च्या निबंधावर. उंदराच्या हिप्पोकँपसमध्ये ठरावीक जागी गेल्यावरच बोलणाऱ्या पेशी असतात, हे त्यांनी थोड्याच पेशींच्या नोंदींवरून मांडलं. मुलांनी 1,500 शब्दांत सांगायचं होतं की एवढ्या पुराव्यावरून हा निष्कर्ष निघतो का, आणि त्या नोंदींचा दुसरा अर्थ लागू शकतो का. या कामाला एका वेळी तीन-चार गोष्टी मनात धरून ठेवाव्या लागतात. तापातल्या माणसाकडून मी ते लिहून घेतलं तर मला मिळणारा आकडा त्याच्या समजुतीचा नसेल, तो त्याच्या सायटोकाइनचा असेल. प्रयोगशाळेत यंत्र गरम झालेलं असताना घेतलेलं मोजमाप आम्ही फेकून देतो आणि मुलांनाही फेकायला लावतो. विद्यार्थ्याचं मोजमाप घेताना वेगळा नियम लावायचं कारण मला सापडत नाही. मुदतवाढ ही माझ्या लेखी दया नाही, मोजमाप नीट व्हावं यासाठी घेतलेली खबरदारी आहे.

पावणेबाराच्या मेलचं कोडंही यातूनच सुटतं. मुदत मागणं हेसुद्धा एक काम आहे, आणि बरंच नकोसं काम. मॅडमना राग येईल का याचा विचार करायचा, इंग्रजी जुळवायचं, रिपोर्टचे फोटो काढायचे. नंतर त्याने मला सांगितलं की मसुदा शनिवारीच अर्धा लिहून झाला होता. रोज सकाळी क्रोसिन घेतली की दोन तास बरं वाटायचं आणि त्याला वाटायचं, आज होईल, मागायची गरज नाही. पॅरासिटामॉल मेंदूतल्या प्रोस्टाग्लँडिनला आवर घालतं आणि त्यामुळे शरीराचा थर्मोस्टॅट खाली येतो. संसर्ग आणि सायटोकाइन मात्र आपल्या जागी असतात. आकडा उतरतो, माणसाला सुटल्यासारखं वाटतं, चार तासांनी पुन्हा पांघरूण. असे पाच दिवस गेले की सहाव्या रात्री मुदत संपायला वीस मिनिटं असताना मेल येतो. मुदत हीच ती थंडी होती, आणि तिने त्याच्याकडून करून घेतलेलं घरटं म्हणजे तो मेल.

सर्टिफिकेटचं काय? या बाबतीत माझा अनुभव मला टोचतो, म्हणून तो सांगते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मायग्रेनसाठी तीन दिवस मागितले. मी तिला नियमाप्रमाणे कागद आणायला सांगितलं. उजेड सहन होत नसलेली ती मुलगी दुपारच्या उन्हात रिक्षाने दवाखान्यात गेली, तासभर बसली आणि तपासणीत काहीच सापडलं नाही. सापडणार नव्हतंच. दोन झटक्यांच्या मध्ये आणि पुष्कळदा झटक्यातही मायग्रेनच्या रुग्णाची तपासणी बिनदोष निघते. डॉक्टरने तिचंच सांगणं कागदावर उतरवून शिक्का मारला. माझ्या हातात तिचाच शब्द परत आला, फक्त तिला ऊन, पैसे आणि अर्धा दिवस खर्चायला लावून.

डॉक्टरांच्या बाजूनेही पाहायला हवं. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंदवही ठेवायची असते, रुग्णाच्या अंगावरची एक ओळखखूण लिहायची असते, प्रत जपायची असते. खोटं सर्टिफिकेट देणं हा गैरवर्तनाचा भाग आहे. हे सगळं पाळणारा डॉक्टर मागच्या आठवड्यात न पाहिलेल्या तापाचा दाखला देणार नाही, आणि त्याने देऊही नये. देतो तो न पाळणारा. म्हणजे घरी पडून बऱ्या झालेल्या खऱ्या रुग्णाला प्रामाणिक डॉक्टरकडून कागद मिळत नाही, आणि कधीच आजारी नसलेल्याला ओळखीतून मिळतो.

या कोंडीचं गणितही आमच्याच विषयात आहे. अंधूक प्रकाशाचा ठिपका दिसला की नाही हे विचारणाऱ्या प्रयोगांसाठी सिग्नल डिटेक्शनचा सिद्धान्त वापरतात. ठिपका असून नाही म्हणणं ही एक चूक, नसून आहे म्हणणं ही दुसरी. ठिपका पुरेसा स्पष्ट नसेल तर कितीही काटेकोर झालात तरी दोन्ही चुका एकदम कमी होत नाहीत. एक घटते, दुसरी वाढते. दोन्ही कमी करायच्या तर ठिपका उजळ करावा लागतो. सर्टिफिकेटने तो उजळ होत नाही, कारण साध्या तापात कागद मिळणं हे आजारावर कमी आणि ओळखी, पैसा, दवाखान्याचं अंतर यांवर जास्त अवलंबून असतं. त्यामुळे कडक होण्याचा परिणाम एकच. खोटं बोलणारे थोडे गळतात आणि खरे आजारी बरेच. यातली कोणती चूक जड, हे शिक्षकाने आधी ठरवायला हवं. एखाद्या लबाडाला तीन दिवस जास्त मिळाले तर माझं किंवा वर्गाचं फारसं बिघडत नाही. एखाद्या आजारी मुलाला शून्य मिळालं तर ते गुणपत्रिकेवर कायम राहतं.

ब्रिटनमध्ये नोकरदाराला आजारपणाच्या पहिल्या 7 दिवसांसाठी डॉक्टरचा कागद लागत नाही, स्वतःचं निवेदन पुरतं. तिथल्या अनेक विद्यापीठांत छोट्या मुदतवाढीलाही हीच पद्धत आहे. इथून शिकायला गेलेली आमची मुलं पहिल्या सत्रात याने चकित होतात. एकीने मला लिहिलं होतं की फॉर्ममध्ये आजाराचं नाव लिहिल्यावर पुढचा प्रश्नच आला नाही, आणि तिला आधी वाटलं की फॉर्म बिघडला आहे.

कागदाच्या हट्टाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त खटकतो. आपल्याकडे ताप हा आजारांमधला प्रतिष्ठित आजार आहे. तो मोजता येतो, त्याची लाज वाटत नाही, त्याचा कागद मिळतो. म्हणून इतर सगळे आजार तापाचे कपडे घालून येतात. पाळीच्या दुखण्याने उठता न येणारी मुलगी मेलमध्ये व्हायरल लिहिते. तीन आठवडे झोप नसलेला, सकाळी अंथरुणातून निघता न येणारा मुलगा व्हायरल लिहितो. ते खोटं लिहितात, पण ते आजारी नाहीत असं नाही. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे खोटं धोक्याचं आहे, कारण व्हायरल चार दिवसांत बरं होतं असं मी धरून चालते आणि त्याला चार दिवस देते. त्याला गरज असते समुपदेशकाची आणि मानसोपचारतज्ज्ञाची. त्याच्याकडून मिळालेली माहिती मीच माझ्या नियमाने चुकीची करून घेतलेली असते.

म्हणून गेली काही वर्षं मी आजाराचं नाव विचारणंच सोडलं आहे. सत्राच्या पहिल्या तासाला मी मुलांना सांगते की मेलमध्ये तीन गोष्टी लिहा. काम कधीपासून थांबलं आहे, त्याआधी कितपत झालं होतं, आणि पुन्हा बसता येईल असं कधीपासून वाटतं. मराठीत लिहिलंत तरी चालेल. क्षमा मागू नका. एका आठवड्यापर्यंत तुमचा शब्द पुरे. त्यापुढे कागद लागेल, कारण आठवड्यापेक्षा लांबलेला आजार डॉक्टरने पाहिलेला असायलाच हवा, आणि तो तुमच्यासाठी पाहिलेला हवा, माझ्यासाठी नव्हे. हे वाक्य मी दोनदा सांगते.

आता त्या सोमवारच्या मेलकडे परत येते. त्याने दोन दिवस मागितले होते. ताप बुधवारी आला, म्हणजे सोमवार हा सहावा दिवस. डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो, आणि ज्यांचा आजार बळावायचा त्यांचा तो नेमका तेव्हाच बळावतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर पडतं, रक्त दाट होतं. ही अवस्था 24 ते 48 तासांची असते. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त, एकाएकी आलेली ग्लानी किंवा तगमग ही धोक्याची लक्षणं. बहुतेक रुग्ण यातून सुखरूप निघतात, पण हे दोन दिवस त्यांच्यावर कुणाची तरी नजर हवी. त्याने मागितलेले दोन दिवस हे अगदी तेच दोन दिवस होते. मंगळवार-बुधवार लॅपटॉपसमोर बसून, ग्लानी आली तर कॉफी पिऊन तो जागेच्या पेशींवर लिहिणार होता. मी मोठ्या मनाने 'ठीक आहे, दोन दिवस दिले' असं कळवलं असतं, तर त्याला त्या टेबलाशी बसवणारी मीच ठरले असते.

मी हिशेब असा केला. मंगळवार-बुधवार धोक्याचे, त्यात काम नाही. त्यानंतर पाझरलेलं पाणी परत रक्तात येण्याचे दोन-तीन दिवस, शनिवारपर्यंत. म्हणजे रविवारी तो पहिल्यांदा टेबलाशी बसेल. मुदतीआधीच्या आठवड्यातले त्याचे सहा दिवस गेले होते, ते त्याला परत मिळायला हवेत. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा काही आठवडेही रेंगाळतो, म्हणून वर तीन दिवस. बेरीज पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत जाते. विद्यार्थ्याने दोन मागितले आणि मी चौदा दिले.

हे इतरांवर अन्याय करणारं आहे का? ताप न आलेल्या मुलांनी त्याच मुदतीत रात्री जागून काम केलं, हा प्रश्न त्यांच्या वतीने विचारायलाच हवा. माझं उत्तर असं की त्यांना आणि त्याला कामाचे निरोगी दिवस सारखेच मिळाले. कॅलेंडरवरची तारीख वेगळी झाली, वेळ नाही. तारखेत एकच खरा फायदा लपलेला असू शकतो, तो म्हणजे तपासलेल्या असाइनमेंट परत गेल्यावर माझे शेरे वाचायला मिळणं. म्हणून मुदतवाढ दिली की मी बाकीच्यांचे कागद तपासून ठेवते पण वर्गात चर्चा थांबवते. चर्चा थांबवणं शक्य नसेल तर उशिरा देणाऱ्याला त्याच तोलाचा दुसरा निबंध देते. सत्र संपायला आठवडा उरला असेल आणि विद्यापीठाला गुण कळवायचे असतील, तर मात्र माझ्या हातात फार काही राहत नाही. तिथे वर अर्ज करावा लागतो आणि त्याला कागदच लागतो. मुलांनी हे आधी जाणून असावं.

त्या रात्री 12 वाजायच्या आत मी उत्तर पाठवलं, मराठीत. 'असाइनमेंट बाजूला ठेव. नवी तारीख सोबत दिली आहे. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जपायचे असतात. उद्या डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा रक्त तपास. पाणी, सूप, ओआरएस घेत राहा. पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नकोस. पोटात दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत किंवा फार ग्लानी वाटली तर रात्र असली तरी हॉस्पिटलात जा. खोलीवर एकटा आहेस का ते कळव.'

तो एकटाच होता. रूममेट गणपतीसाठी गावी गेला होता. मंगळवारी त्याची मावशी हडपसरहून येऊन त्याला घेऊन गेली. बुधवारी प्लेटलेट 61,000 झाल्या, शुक्रवारी वर चढू लागल्या. असाइनमेंट नव्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी आली, 1,540 शब्दांची.